तिसऱ्या जागेवर आलेला शोमरोनी

वाटेत लुटलेला, अर्धमेला माणूस. त्याला पाहून बाजूनं निघून गेलेले दोन धर्मसेवक. आणि थांबून त्याची शुश्रूषा करणारा तिसरा, परका प्रवासी. येशूनं सांगितलेला हा दृष्टान्त ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांनाही कुठे ना कुठे भेटलेला असतो. चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकच्या शुभवर्तमानात तो येतो, दहाव्या अध्यायात. अडलेल्याला मदत करावी, असा त्याचा बोध आपण काढतो आणि पुढे जातो. पण एवढाच बोध द्यायचा असता तर त्यासाठी शोमरोनी माणूस लागला नसता. कोणीही दयाळू वाटसरू चालला असता. येशूनं नेमका शोमरोनी का निवडला, हे कळायला गोष्टीच्या आधी विचारला गेलेला प्रश्न आणि गोष्ट ऐकणारे लोक, दोन्ही समोर ठेवावे लागतात.

प्रश्न विचारणारा एक शास्त्री होता, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचा अभ्यासक. तो येशूची परीक्षा पाहायला उभा राहिला, असं लूक लिहितो. सार्वकालिक जीवनाचा वारसा मिळण्यासाठी आपण काय करावं, हा त्याचा पहिला प्रश्न. येशूनं उत्तर न देता त्यालाच विचारलं, की नियमशास्त्र काय सांगतं आणि तू ते कसं वाचतोस. शास्त्र्यानं दोन आज्ञा एकत्र ठेवल्या. देवावर सर्वस्वानं प्रीती करण्याची आज्ञा ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातली, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची ‘लेवीय’ ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत हीच जोडणी येशू स्वतः करतो. लूकमध्ये ती शास्त्र्याच्या तोंडून येते. येशूनं उत्तर मान्य केलं आणि तसं वागलास तर जगशील, असं सांगितलं. इथवर दोघांत मतभेद नाही. ते एकाच ग्रंथातून बोलत आहेत आणि एकाच निष्कर्षावर आले आहेत.

मग शास्त्र्यानं दुसरा प्रश्न विचारला: आपला हा शेजारी नेमका कोण? आपण नीतिमान आहोत हे त्याला दाखवायचं होतं, असा शेरा लूक जोडतो आणि त्यामुळे वाचकाला हा प्रश्न पळवाट वाटू लागतो. माझ्या मते प्रश्नाला तसं बाजूला सारणं बरोबर नाही. कायद्याच्या अभ्यासकाला आज्ञेची व्याप्ती विचारावीच लागते. शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे नुसती भावना नव्हती; त्याला उपाशी न ठेवणं, त्याच्याशी खोटं न वागणं, त्याच्याबद्दल मनात डूख न धरणं अशी ठोस कर्तव्यं तिच्यामागे होती. ही कर्तव्यं कोणाच्या बाबतीत लागू होतात?

‘लेवीय’मधलं ते वचन पूर्ण वाचलं तर त्यात स्वजनांचा सूड घेऊ नये, त्यांच्यावर दात धरू नये असं आधी येतं आणि शेजाऱ्यावरची प्रीती त्याच ओघात येते. त्यावरून शेजारी म्हणजे इस्राएली जातिबांधव, असा अर्थ सरळ निघतो. पण त्याच अध्यायात सोळा वचनं पुढे आणखी एक आज्ञा आहे: देशात वस्ती करून राहिलेल्या परक्यावरही स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. म्हणजे वर्तुळ आधी स्वजनांभोवती आखलं गेलं आणि लगेच परक्यापर्यंत रुंदावलं. ते नेमकं कुठे संपतं, यावर एकमत नव्हतं. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये एका पंथाची नियमावली आहे. तिच्यात प्रकाशाच्या पुत्रांवर प्रीती करावी आणि अंधाराच्या पुत्रांचा द्वेष करावा, अशी शिकवण आहे. कुमरान यरीहोपासून फार दूर नाही. गोष्ट जिथे घडते, त्याच टापूत माणसं ही सीमारेषा आखत होती. शास्त्र्याचा प्रश्न म्हणजे त्या काळातला खरा, चालू वाद होता.

उत्तर म्हणून येशूनं व्याख्या दिली नाही. त्यानं एका रस्त्यावरची गोष्ट सांगितली.

यरुशलेम डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. यरीहो यार्देन नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीच्याही खाली सुमारे २५० मीटरवर. दोन्हींमध्ये अंतर साधारण २७ किलोमीटर. म्हणजे एका दिवसाच्या चालीत सुमारे हजार मीटरचा उतार, आणि तोही झाडझाडोरा नसलेल्या, घळींनी चिरलेल्या ओसाड यहुदी रानातून. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस या टापूचं वर्णन निर्जन आणि खडकाळ असं करतो. एस्सेनी पंथाचे लोक प्रवासात दुसरं काही बरोबर घेत नसत, पण लुटारूंच्या भीतीनं शस्त्र मात्र बाळगत, असंही त्यानं नोंदवलं आहे. याच वाटेवर अदुम्मीम नावाची चढण लागते. हे नाव लाल रंगाशी जोडलेलं आहे, आणि बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमनं त्याचा संबंध लुटारूंनी तिथे सांडलेल्या रक्ताशी लावला. ऐकणाऱ्यांना हा रस्ता ओळखीचा होता. तिथे एकट्या माणसाला लुटारूंनी गाठलं, यात कोणाला नवल वाटलं नसेल.

लुटारूंनी त्याचे कपडे काढून घेतले, मारहाण केली आणि अर्धमेला टाकून ते गेले. हे दोन तपशील पुढच्या गोष्टीसाठी फार महत्त्वाचे आहेत. त्या काळी माणूस कोणत्या समाजाचा, हे त्याच्या पेहरावावरून आणि बोलण्याच्या धाटणीवरून ओळखता येई. इथे अंगावर कपडे नाहीत आणि तोंडातून शब्द फुटत नाही. तो यरुशलेमहून निघाला म्हणून आपण आणि ऐकणारे त्याला यहुदी धरतो. पण वाटेनं येणाऱ्याला त्याच्याकडे पाहून काहीच ठरवता येत नाही. हा शेजारी आहे की नाही, हा शास्त्र्याचा प्रश्न या माणसाला लावून पाहायचा म्हटलं तर उत्तर मिळण्याची सोयच येशूनं काढून घेतली आहे.

पहिला आला तो याजक, म्हणजे अहरोनाच्या वंशातला, मंदिरात यज्ञ करण्याचा अधिकार असलेला माणूस. याजकांचे चोवीस वर्ग होते. प्रत्येक वर्ग आठवडाभर मंदिरात सेवा करून घरी परते आणि वर्षातून साधारण दोनदा त्याची पाळी येई. यरीहो हे याजकांच्या वस्तीचं गाव म्हणून यहुदी परंपरेला ठाऊक आहे. त्यामुळे या रस्त्यावर याजक दिसणं अगदी स्वाभाविक होतं. त्यानं पाहिलं आणि तो पलीकडच्या बाजूनं निघून गेला. दुसरा लेवी. लेवी हे याजकांचे मदतनीस. मंदिरातलं गायन, दरवाज्यांची राखण आणि इतर सेवा त्यांच्याकडे. तोही पाहून निघून गेला.

ते का थांबले नाहीत? या प्रश्नाचं एक ठरीव उत्तर प्रवचनांत आणि पुस्तकांत वर्षानुवर्षं दिलं जातं: प्रेताला शिवल्यानं विटाळ होतो, तो माणूस मेला असेल तर मंदिरातली सेवा करता येणार नाही, म्हणून त्यांनी सोवळं सांभाळलं. हे उत्तर पटण्यासारखं वाटतं, पण तपासलं तर टिकत नाही. याजकानं जवळचे नातलग सोडून इतर प्रेताचा विटाळ घेऊ नये, असा नियम ‘लेवीय’च्या एकविसाव्या अध्यायात खरोखर आहे. पण हा नियम याजकांसाठी आहे, लेवींसाठी नाही. शिवाय लूकच्या शब्दांत याजक त्या वाटेनं खाली उतरत होता. म्हणजे यरुशलेमकडे पाठ करून यरीहोच्या दिशेनं. सेवेला निघालेला माणूस वर चढला असता. तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथाचा नियमसुद्धा बाजूला ठेवावा, हे यहुदी कायद्याचं प्रसिद्ध तत्त्व आहे. आणि वाटेत बेवारस प्रेत सापडलं तर ते पुरण्याचं कर्तव्य इतकं मोठं मानलं गेलं, की इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात त्यावर एक लक्षणीय चर्चा आहे. महायाजक आणि नाजीर, म्हणजे व्रतस्थ माणूस, बरोबर चालले असताना असं प्रेत आढळलं तर दोघांपैकी कोणी विटाळ पत्करावा, एवढाच तिथे वाद आहे. कोणीच पत्करू नये, हा पर्याय चर्चेत नाही.

म्हणजे नियमशास्त्रानं त्या दोघांना अडवलेलं नव्हतं. उलट त्याच नियमशास्त्रानं त्यांना थांबायला सांगितलं होतं. भीतीमुळे, घाईमुळे की दगडासारख्या मनामुळे ते गेले, याबद्दल गोष्ट काहीच सांगत नाही आणि आपणही ते भरू नये. विटाळाचं कारण घातलं की ही गोष्ट यहुदी धर्मावरची टीका होऊन बसते: एका बाजूला कोरडे नियम, दुसऱ्या बाजूला येशूची दया. अनेक यहुदी आणि ख्रिस्ती अभ्यासकांनी, विशेषतः नव्या कराराच्या यहुदी अभ्यासक एमी-जिल लेव्हाइन यांनी, हा अर्थ चुकीचा असल्याचं सविस्तर दाखवलं आहे. बोलणारा यहुदी, विचारणारा यहुदी, आणि दोघांनी आधीच नियमशास्त्रावर हात ठेवून सहमती दर्शवलेली. त्या चर्चेत ही टीका बसतच नाही.

आता येतो तिसरा. इथे ऐकणाऱ्यांच्या कानात आधीच एक नाव तयार होतं. आपल्याकडच्या राजाच्या गोष्टीत थोरल्या दोघांना जमत नाही तेव्हा धाकटा निघतो, हे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. तसंच यहुदी समाजात याजक आणि लेवी म्हटल्यावर तिसरा कोण, हे सांगावं लागत नसे. तिसरा इस्राएली, म्हणजे याजककुळातला नसलेला सामान्य यहुदी. समाजाचे हे तीन भाग होते आणि त्यांचा क्रम ठरलेला होता. मिश्नामध्ये सभास्थानातल्या शास्त्रवाचनाचा मान याच क्रमानं दिला आहे: आधी याजक, मग लेवी, मग इस्राएली. म्हणून दोन मोठे मान्यवर निघून गेल्यावर आता आपल्यातलाच कोणी साधा माणूस येणार आणि मदत करणार, अशी ऐकणाऱ्यांची खात्री असणार. तशी गोष्ट झाली असती तर लोक खूश होऊन घरी गेले असते. मंदिरातल्या वरिष्ठांपेक्षा आपण बरे, एवढं समाधान तिनं दिलं असतं.

पण तिसऱ्या जागेवर येशूनं शोमरोनी आणला. ऐकणाऱ्याची स्वतःची जागा त्यानं काढून घेतली आणि ती अशा माणसाला दिली, की जो तिथे यावा असं समोरच्यांपैकी कोणालाही वाटलं नसतं.

शोमरोनी कोण होते, याच्या दोन कहाण्या आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. यहुदियाच्या उत्तरेला शोमरोन प्रांत, त्यात शखेम नगर आणि त्याच्यालगत गरिज्जीम डोंगर. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरी साम्राज्यानं इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य जिंकलं. त्यानंतर अश्शूरी राजानं तिथले लोक हद्दपार केले आणि बाबेल, कूथा वगैरे ठिकाणचे परके आणून वसवले. त्यांनी आपले देव ठेवले आणि परमेश्वराचंही भजन सुरू केलं, असं ‘राजे’च्या दुसऱ्या ग्रंथात सतराव्या अध्यायात सांगितलं आहे. यावरून यहुदी लोक शोमरोन्यांना कूथी म्हणत. म्हणजे हे इस्राएली नव्हेतच, बाहेरून आणलेले. शोमरोनी स्वतःला योसेफाच्या एफ्राईम आणि मनश्शे या मुलांचे वंशज मानतात. त्यांच्या मते खरं पवित्र स्थान गरिज्जीम डोंगरावरच होतं आणि वाट सोडली ती इतरांनी. अश्शूरी राजा सर्गोन याच्या कोरीव लेखांत सुमारे २७ हजार लोकांना नेल्याचा उल्लेख आहे. हा आकडा खरा मानला तर बरीच वस्ती मागे राहिली असणार, आणि शोमरोन्यांचा दावा सहज झटकून टाकता येत नाही.

मूर्तिपूजक परक्याशी असतं तसं हे वैर नव्हतं. शोमरोनीही एकच देव मानत, सुंता करत, शब्बाथ पाळत. मोशेचे पाच ग्रंथ त्यांचेही पवित्र ग्रंथ होते. फक्त त्यांच्या प्रतीत उपासनेचं स्थान म्हणून गरिज्जीमला आज्ञेचं बळ दिलेलं होतं. म्हणजे वाद होता तो एकाच वारशावरच्या दोन दावेदारांमधला. भाऊबंदकीचं वैर परक्याच्या वैरापेक्षा खोल जातं, हे कोणत्याही समाजाला माहीत आहे.

आणि ते वैर कागदावर राहिलेलं नव्हतं. गरिज्जीमवर शोमरोन्यांचं मंदिर होतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस योहान हिर्कानस यानं ते उद्ध्वस्त केलं. हा हिर्कानस यहुदियाचा शासक होता आणि यरुशलेमचा महायाजकही होता. इसवी सन ६ ते ९ या काळात, म्हणजे येशू लहान असताना, वल्हांडण सणाच्या रात्री काही शोमरोनी यरुशलेमच्या मंदिरात शिरले आणि त्यांनी तिथे माणसांची हाडं टाकली, असं जोसेफस सांगतो. सणाच्या ऐन वेळी मंदिर बाटवण्याचा याहून जालीम उपाय नव्हता. पुढे इसवी सन ५२ च्या सुमारास शोमरोनातून यरुशलेमकडे जाणाऱ्या गालीलच्या यात्रेकरूंवर हल्ला झाला, यहुद्यांनी शोमरोनी गावं जाळून सूड घेतला आणि प्रकरण रोममध्ये सम्राट क्लौद्यापर्यंत गेलं. ही घटना येशूच्या मृत्यूनंतरची असली तरी लूकनं शुभवर्तमान लिहिलं त्याच्या आधीची आहे. त्याच्या पहिल्या वाचकांसाठी शोमरोनी हे नाव ताजं दुखणं होतं. मिश्नामध्ये एका कठोर गुरूंचं मत नोंदवलं आहे, की शोमरोन्याची भाकरी खाणं म्हणजे डुकराचं मांस खाण्यासारखं आहे. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी मात्र एकत्र जेवणाऱ्यांच्या प्रार्थनेत शोमरोन्याला सहभागी धरलं आहे. हे आपले की परके, याचा निकाल धर्मशास्त्र्यांना शतकानुशतकं लावता आला नाही. शेजारी कोण, या प्रश्नातलं सर्वांत अवघड उदाहरण शोधायचं तर ते हेच.

लूकनं ही गोष्ट जिथे ठेवली ती जागाही विचारात घ्यायला हवी. जेमतेम एक अध्याय आधी येशू आणि त्याचे शिष्य यरुशलेमच्या वाटेवर असताना एका शोमरोनी गावानं त्यांना उतरू दिलं नाही, कारण ते यरुशलेमकडे चालले होते. त्यावर याकोब आणि योहान या शिष्यांनी विचारलं, की आकाशातून अग्नी पाडून या लोकांना भस्म करू का. येशूनं त्यांना धमकावलं आणि मंडळी दुसऱ्या गावी गेली. म्हणजे दृष्टान्त सांगणाऱ्याला स्वतःला नुकतंच शोमरोन्यांनी दारातून परत पाठवलं होतं, आणि ऐकणाऱ्या शिष्यांपैकी दोघांना ते गाव जळालेलं हवं होतं. अशा वेळी त्यानं शोमरोन्याला गोष्टीचा नायक केलं.

एक वेगळी, सोपी गोष्ट त्याला सांगता आली असती. वाटेत शोमरोनी पडलेला आहे, यहुदी माणूस मन मोठं करून त्याला उचलतो. तात्पर्य, शत्रूही तुझा शेजारी. शास्त्र्याच्या प्रश्नाचं ते थेट उत्तर झालं असतं: वर्तुळ आणखी रुंद कर. त्या गोष्टीत देणारा हात आपला राहिला असता आणि मोठेपणाही आपला. प्रत्यक्षात येशूनं ऐकणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला, जखमी माणसाच्या जागी नेऊन ठेवलं. तिथून पाहिलं तर शेजारी कोण, हा प्रश्न वेगळाच होतो. आपण कोणाला मदत करायला बांधील आहोत, हे ठरवण्याची ताकद त्या माणसात उरलेलीच नाही. कोणाच्या हातून मदत घ्यायची आपली तयारी आहे, एवढंच त्याच्यापाशी उरतं, आणि समोर आलेला हात शोमरोन्याचा आहे.

हा प्रसंग ऐकताना शास्त्र्याला जुन्या ग्रंथांतली एक कथा आठवली असण्याची दाट शक्यता आहे. ‘इतिहास’च्या दुसऱ्या ग्रंथात अठ्ठाविसाव्या अध्यायात, आहाज राजाच्या काळी, उत्तरेच्या इस्राएली सैन्यानं यहुदाच्या लोकांना हरवून हजारो बायका-मुलांना कैद करून शोमरोनास नेलं. तिथे ओदेद नावाच्या संदेष्ट्यानं सैन्याला अडवलं: हे तुमचे भाऊबंद आहेत, यांना परत पाठवा. मग एफ्राईमच्या काही प्रमुखांनी लुटीतून कपडे काढून उघड्यांना घातले, पायात जोडे दिले, खाऊपिऊ घातलं, तेल लावलं, अशक्तांना गाढवांवर बसवलं आणि यरीहोपर्यंत नेऊन, त्यांच्या भाऊबंदांच्या हवाली करून ते शोमरोनास परतले. उघडा माणूस, तेल, जनावर, यरीहो आणि मदत करणारे शोमरोनातले लोक: येशूच्या गोष्टीत हे सगळं पुन्हा येतं. शोमरोन्याची दया त्यानं हवेतून काढलेली नाही. तुमच्याच पवित्र ग्रंथात ती नोंदलेली आहे आणि तुम्ही ती विसरला आहात, असं तो सुचवतो आहे, असं मला वाटतं.

शोमरोनी प्रवाशानं काय केलं, ते लूक बारकाईनं सांगतो. याजक आणि लेवी यांना एकेक वाक्य पुरलं. याच्यासाठी गोष्ट थांबते. त्याला कळवळा आला. तो जवळ गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्यानं त्या बांधल्या. द्राक्षारसानं जखम धुतली जाते आणि तेलानं मऊ राहते, हा त्या काळचा माहितीतला इलाज. मग त्याला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे उरलेली वाट बहुधा तो स्वतः चालला, तीही लुटारूंच्या टापूत, संथ गतीनं. उतारशाळेत नेऊन रात्रभर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. वर त्यानं उतारशाळेच्या मालकाला शब्द दिला, की आणखी लागेल तो खर्च परतताना मी देईन. जखमी माणसाजवळ अंगावरचे कपडेसुद्धा नव्हते. कर्जापायी माणसाला तुरुंगात टाकलं जाण्याचा तो काळ. हा शब्द नसता तर बरा झाल्यावर तो उतारशाळेच्या देण्यात अडकला असता. शोमरोन्यानं त्याची पुढची सुटकाही बघितली.

आणखी एक बाब सहज निसटते. शोमरोन्यालाही मोशेचं नियमशास्त्र लागू होतं. प्रेताचा विटाळ त्यालाही होता आणि शेजाऱ्यावरच्या प्रीतीचं ‘लेवीय’मधलं वचनही त्याच्या ग्रंथात होतं. म्हणून त्याचं थांबणं नियमशास्त्राच्या बाहेरचं नाही. शास्त्र्यानं पाठ म्हणून दाखवलेली आज्ञा या माणसानं रस्त्यावर पाळली. वारसा खरा कोणाचा, या दोन समाजांतल्या जुन्या वादाला गोष्ट इथे हलकेच स्पर्श करते.

शेवटी येशूनं शास्त्र्याला प्रश्न परत केला, पण बदलून. लुटारूंच्या हाती सापडलेल्या त्या माणसाचा शेजारी या तिघांपैकी कोण झाला, असं तुला वाटतं? शास्त्र्यानं विचारलं होतं, की माझा शेजारी कोणाला म्हणू. परत आलेल्या प्रश्नात शेजारी ही समोरच्याची पात्रता राहिली नाही. ती आपल्या कृतीनं होण्याची गोष्ट झाली. शास्त्र्यानं उत्तर दिलं, की ज्यानं दया केली तो. शोमरोनी हा शब्द त्यानं उच्चारला नाही. तो शब्द त्याच्या तोंडून निघेना, असं बरेच भाष्यकार म्हणतात आणि ते शक्य आहे. पण त्याच्या उत्तराची दुसरी बाजूही मला तितकीच खरी वाटते. जात आणि मंदिर सोडून त्यानं त्या माणसाची ओळख त्याच्या कृतीनं सांगितली, आणि येशूला हेच उत्तर हवं होतं. जा आणि तूही तसंच कर, एवढं सांगून येशूनं बोलणं संपवलं. मागच्या वेळीही त्यानं कर, असंच सांगितलं होतं. शास्त्री दोन्ही वेळा बरोबर उत्तरं देतो. पुढे त्यानं काय केलं, हे लूक लिहीत नाही.

नंतरच्या काळात या गोष्टीची धार बोथट होत गेली. तिसऱ्या शतकात ओरिगेननं एका वडीलधाऱ्या शिक्षकाचा अर्थ नोंदवला: जखमी माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, याजक म्हणजे नियमशास्त्र, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी. ऑगस्टिननं उतारशाळेच्या मालकाला प्रेषित पौल ठरवलं. हा रूपकात्मक अर्थ अनेक शतकं प्रमाण मानला गेला. भक्तिपर वाचनात त्याची गोडी आहे, पण शोमरोनी एकदा ख्रिस्त झाला की तो शोमरोनी राहत नाही, आणि मग कोणालाच धक्का बसत नाही. आजच्या वापरातही तेच झालं आहे. आपल्या देशात रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांना पोलीस चौकशीचा आणि खटल्याचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. या कलमात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’ म्हटलं आहे. कायदा अत्यंत गरजेचा आहे आणि मदत करणाऱ्याला तो खरोखर आधार देतो. पण तिथे त्या नावाचा अर्थ फक्त निःस्वार्थ मदतनीस एवढाच उरला आहे. मूळ गोष्टीतला चांगुलपणा मदतीत होता आणि तो आपल्या शत्रूपाशी सापडला, हे कबूल करण्यात तिची सगळी अडचण होती.

शोमरोनी समाज आजही आहे. नाब्लूसजवळ गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोन शहरात मिळून ते हजाराहूनही कमी आहेत, आणि दरवर्षी वल्हांडणाचा यज्ञ त्याच डोंगरावर करतात.

ही गोष्ट पुन्हा वाचायची असेल तर दहाव्या अध्यायाच्या तिसाव्या वचनापासून, जिथे प्रवासी वाटेला लागतो तिथून, सुरुवात करू नका. नवव्या अध्यायाच्या एकावन्नाव्या वचनापासून, शोमरोनी गावानं येशूला नाकारलं तिथून वाचायला घ्या, आणि मग ‘इतिहास’च्या दुसऱ्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय शेजारी उघडा ठेवा. त्यानंतर तिसऱ्या प्रवाशाच्या जागी, ज्याच्या हातून पाणीसुद्धा घ्यायला तुमचं मन तयार होणार नाही, अशा माणसाचं नाव घालून वाचा.